अर्धापूरला नसलेलं तळं

धम्मप्रिया गजभारे मॅडमनी "दोन मिनिटं बोलते" असं म्हटलं, की आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची पोरं पाण्याच्या बाटल्या भरून आणायची. मॅडमचं बोलणं वाईट नव्हतं. उलट असं बोलायच्या की ऐकत राहावं. पण विषय जिन्याचा असला तर त्या जिन्यावरून मुखेडच्या आठवडी बाजारात जायच्या, बाजारातून उतरंडीच्या मडक्यांकडे, तिथून त्यांच्या वडिलांच्या हाताला लागलेल्या शाईकडे, आणि मग घड्याळ बघून म्हणायच्या, "अरे देवा, जिना राहिलाच की!"

वडील संघपाल गजभारे बांधकाम खात्यात ट्रेसर होते. साहेबाचा नकाशा पातळ कागदावर जसाच्या तसा गिरवायचा, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. रेघ एका बाजूला तसूभर सरकली तर तिकडं नाला वाकडा होतो, असं ते सांगायचे. लेकीनं ते मनावर घेतलं. मुखेडहून ती शिकायला नांदेडला आली, आर्किटेक्ट झाली, काही वर्षं लोकांची घरं बांधली. "खोली ईशान्येला सरकवा", "नाही, पुन्हा नैर्ऋत्येला न्या" हे ऐकून बेजार झाली आणि नांदेडच्याच एका खासगी कॉलेजात शिकवायला लागली. तिथं तिचा जीव रमला. डिझाईन स्टुडिओ म्हणजे वर्ग कमी आणि कारखाना जास्त. मोठमोठी टेबलं, कार्डबोर्डचे तुकडे, फेव्हिकॉलचा वास, आणि प्रत्येक टेबलापाशी जाऊन "हे असं का?" विचारत फिरणारी बाई. हा प्रश्न मॅडम इतक्या वेळा विचारायच्या, की नवरा प्रेम घरी भाजीत मीठ टाकतानासुद्धा आधी कारण तयार ठेवायचा.

यंदाचा प्रकल्प अर्धापूरचा होता. केळीवाल्या शेतकऱ्यांच्या गटासाठी एक केंद्र काढायचं. केळी उतरवायची शेड, धुण्याच्या टाक्या, पॅकिंग, पिकवण खोल्या आणि एक बैठकीचा हॉल. प्रकल्प कागदावरचाच, पण जागा खरी, माणसं खरी. सगळा वर्ग बसनं जाऊन आला होता. गटाचे प्रमुख अर्जुनराव यांनी पोरांना इतकी केळी खाऊ घातली, की परतीच्या वाटेत दोन जण ती परत करायला खाली उतरले.

पुढच्या महिन्यात अर्ध्या वाटेवरची तपासणी झाली आणि मॅडम शीट लावलेल्या भिंतीपुढं उभ्या राहून एकेक शीट बघत गेल्या.

भिंतभर संध्याकाळ झाली होती. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, ते दाखवणाऱ्या प्रत्येक चित्रात तीच सोनेरी संध्याकाळ, तीच ओली चकाकती फरशी, तीच पाठमोरी बाई हातात छत्री घेऊन चाललेली. अर्धापूरच्या शिवारात देवदाराची झाडं उगवली होती. एकाच्या मागं तर बर्फाचा डोंगर होता.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"रेंडर आहे मॅडम."

"ते दिसलं. डोंगर कुठला आहे?"

"तो..." पोरगा बिचारा डोंगराकडं प्रथमच बघत असल्यासारखा बघायला लागला. "तो आपोआप आला."

सगळ्यांत देखणी शीट हरिओमची होती. हरिओम जळकोटचा. अबोल, कष्टाळू, आणि जरा भिडस्त. त्याच्या चित्रात पंख पसरल्यासारखं एक मोठं छप्पर होतं, पुढं निळंशार तळं होतं, तळ्यात छपराचं प्रतिबिंब, काठावर गोरीगोरी माणसं कॉफी पीत होती आणि छताखाली केळीचे घड लटकले होते. चित्राच्या शेजारी त्याचा प्लॅन होता. प्लॅनमध्ये सरळ लांबट शेड होती. तळं नव्हतं.

"हरिओम, तळं कुठंय?"

"मॅडम, ते... वातावरण आहे."

मागून खुसखुसल्याचा आवाज आला. साक्षी होती. तिच्या घरची केळीची बाग. ती पुढं येऊन चित्राला नाक लावून म्हणाली, "मॅडम, ह्या घडातली केळी बघा ना. सगळी खाली तोंड करून लोंबून राहिली. मिरच्यांसारखी. घडात केळं वर वळतं. असा घड आमच्या बाबांनी बघितला तर फवारणी करतील."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांच्या मनात कुसळ अडकलं. पोरांनी चित्रं एआयच्या मशीनकडून काढून घेतली याचं त्यांना दुःख नव्हतं. त्या स्वतः वापरून बघायच्या. दुःख याचं होतं, की कुठलं पोरानं विचार करून काढलंय आणि कुठलं आपोआप आलंय, हे ओळखायला येत नव्हतं. आणि पोरांना विचारलं, तर पोरांनाही सांगता येत नव्हतं.

त्यांनी प्राचार्य बिडवे सरांच्या कानावर हे घातलं. बिडवे सर मूळचे लातूरचे, तोंडानं गोड, आणि प्रवेशाच्या आकड्यांपायी कायम चिंतेत. ते म्हणाले, "अहो, मग सबमिशनच्या आधी तुम्हीच एक छोटंसं व्याख्यान द्या. जनरेटेड रेंडरचा प्रामाणिक वापर. सगळ्या वर्षांची मुलं बसवू. फक्त..." ते जरा घुटमळले, "फक्त दहा मिनिटं, मॅडम. खरी दहा मिनिटं."

घरी तालीम झाली. मॅडमच्या आई पंचशीलाबाई स्वयंपाकघरात कुकर लावून बसल्या आणि मॅडम ओट्याला टेकून बोलायला लागल्या. कॅमेरा निघाला तेव्हा चित्रकार काय म्हणाले असतील, इथून त्यांनी सुरुवात केली.

"तीन शिट्ट्या झाल्या," पंचशीलाबाईंनी गॅस बंद केला. "तूर शिजली. तुझं अजून पाणीच उकळून राहिलं."

"आई, पार्श्वभूमी द्यावी लागते."

"पार्श्वभूमी त्यांना कशाला? पोरांनी चोरी करू नये एवढंच सांगायचं ना?"

"चोरी नाही गं. मशीन वापरलं तर वापरलं म्हणून सांगा, आणि चित्रात तेच दाखवा जे तुम्ही खरंच डिझाईन केलंय."

"हां. हे बोल की मग," पंचशीलाबाई म्हणाल्या. "हे फोडणीत मोहरी तडतडायच्या आत झालं."

व्याख्यानाच्या सकाळी मॅडम लवकर पोचल्या. प्रोजेक्टर लावून बघत होत्या तेवढ्यात खाली फाटकाजवळ एक जीप थांबली आणि तिच्यातून माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. फेटा बांधलेले अर्जुनराव, त्यांच्या मागं गटाचे लोक, आणि महिला बचत गटाच्या अध्यक्ष कावेरीबाई दोघी-तिघींना घेऊन. दोघांनी जीपच्या टपावरून एक गुंडाळी काढली आणि व्हरांड्यात उलगडली. तो फ्लेक्स होता. वरती "अर्धापूरचं भाग्य उजळलं! भव्य केळी केंद्र", कडेला अर्जुनरावांचा फोटो, खाली कॉलेजचं नाव ठळक अक्षरात, आणि मधोमध हरिओमचं ते चित्र. तळ्यासकट.

मॅडम घाईनं खाली आल्या.

"नमस्कार मॅडम," अर्जुनराव हात जोडून म्हणाले. "जीप करूनच आलो. आता सांगा, जायचं कुठं?"

"कुठं जायचंय?"

"हे पाहायला की!" त्यांनी फ्लेक्सकडं बोट केलं. "तुमच्या पोरानं मोबाईलवर धाडलं. लई झकास बांधलंय. आमच्या लोकांचं म्हणणं पडलं, एकदा डोळ्यांनी पाहून यावं. कुठल्या गावाला हाय हे? नाशिककडं का?"

कावेरीबाई पुढं सरकल्या. "आन् त्या तळ्याचं बी काय ते एकदा ठरवून टाका. तळं आपल्या रानात नको म्हणून माझे दीर आन् शेजारचे, दोघं बोलंनात एकमेकांशी. पाणी कुठनं भरायचं, ते बी कोणी सांगंना."

हरिओम जिन्यावरून खाली येत होता. त्यानं फ्लेक्स पाहिला आणि तसाच उलटा वर निघाला. मॅडमनी हाक मारली. तो आला.

"तू पाठवलंस?"

"अर्जुनकाकांनी विचारलं होतं, काय करून राहिला म्हणून. मी फोटो टाकला. 'आमचं डिझाईन' एवढंच लिहिलं, मॅडम. बांधलंय असं कुठं लिहिलं नाही."

"आणि हे नुसतं मशीनचं चित्र आहे, असं लिहिलंस?"

हरिओमनं नकारार्थी मान हलवली.

एवढ्यात बिडवे सर आले. त्यांनी फ्लेक्स पाहिला, त्यावरचं कॉलेजचं नाव पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, गावात कॉलेजचं नाव झालं की हो! आज तेवढं काही बोलू नका. 'संकल्पना आहे' म्हणा. संकल्पना या शब्दात सगळं बसतं."

"सर, गावात दोन शेजारी एकमेकांशी बोलेनासे झालेत. तळं कुठं खणायचं यावरून."

"असं आहे का," बिडवे सर म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड अर्धा झाला. "पण त्या पोराची इज्जत सगळ्यांपुढं..."

ते मात्र मॅडमनाही सलत होतं. खरं सांगितलं तर हरिओमचं नाव येणार, आणि झाकलं तर आजचं व्याख्यानच प्रामाणिकपणावर. त्यांनी क्षणभर विचार केला आणि अर्जुनरावांना म्हणाल्या, "काका, जायचं ठिकाण वरच्याच मजल्यावर आहे. माझं थोडं बोलणं आहे. ते ऐका, मग तुम्हीच ठरवा."

मंडळी वर गेली आणि पहिल्या रांगेत फेटे, पदर आणि एक फ्लेक्स बसला. फ्लेक्स खाली ठेवायला अर्जुनराव तयार नव्हते.

मॅडमनी कॅमेऱ्यापासून सुरुवात करायची ठरवली होती. पण समोर कावेरीबाई डोळे लावून बसलेल्या पाहून त्यांच्या तोंडून सरळच निघालं, "चित्रं दोन तऱ्हेची असतात."

"एक रेंडर असं, की आधी आपण कॉम्प्युटरवर इमारत उभी करतो. भिंत इतकी जाड, खांब इथं, छप्पर इतकं उंच. मग कॉम्प्युटर हिशेब करतो, ऊन कुठनं येईल, सावली कुठं पडेल. जे आपण उभं केलं, तेच दिसतं. दुसरं चित्र असं, की आपण शब्दांत सांगतो, केळी केंद्र काढ, संध्याकाळ दाखव. मशीननं जगातली लाखो चित्रं पाहिलेली असतात. त्यावरून ते अंदाज बांधतं, असं दिसत असावं. त्याला अर्धापूर माहीत नाही. खांबाला छप्पर पेलेल का, हे त्याला ठाऊक नाही. ते खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. फक्त शोभेल ते काढतं."

"लग्नातल्या फोटोवाल्यासारखं," कावेरीबाई म्हणाल्या. "मागं ताजमहाल लावतो त्यो."

"अगदी तसं. आता ताजमहाल लावला हा काही गुन्हा नाही. पण पाव्हण्यांना 'आमचं घर' म्हणून दाखवला तर?"

पहिली रांग हसली. अर्जुनराव मात्र हसले नाहीत. ते मांडीवरच्या फ्लेक्सकडं बघायला लागले होते.

"म्हंजे, मॅडम," ते सावकाश म्हणाले, "हे कुठंच बांधलेलं न्हाई?"

बिडवे सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मॅडमनी हरिओमकडं पाहिलं. ओरडण्यासाठी नव्हे, तर वर्गात टेबलापाशी थांबून बघायच्या तसं, बोल की, म्हणून. हरिओम उठला. कान लाल झाले होते.

"नाही काका. बांधलेलं नाही. ते मी मशीनकडून काढून घेतलं."

"ये पुढं," मॅडम म्हणाल्या. "मीही तुला शिक्षा करत नाही आणि तूही माफी मागू नकोस. फक्त प्लॅन आणि चित्र शेजारी लाव, आणि कुठलं काय तुझं ते सांग."

हरिओमनं दोन्ही पडद्यावर लावली. मग म्हणाला, "तळं माझं नाही. डोंगर... डोंगर माझ्यात नाही, तो संतोषच्यात आहे." पोरं फिसकन हसली आणि त्याला जरा धीर आला. "कॉफी पिणारी माणसं माझी नाहीत. छप्पर अर्धं माझं. मी दोन उतारांचं काढलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट मशीनला दिला, आणि लिहिलं, भव्य कर. त्यानं पंख केले. पंखाचं पाणी कुठं पडंल, मी बघितलं नाही."

"हाव, पाणी तर बैठकीच्या दारातच पडंल," अर्जुनराव म्हणाले.

"मंग तुझं काय हाय रं बाबा ह्याच्यात?" कावेरीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

हरिओमनं प्लॅनवर बोट ठेवलं. "हा ओटा."

"कुठला ओटा?"

"शेडच्या पुढं. त्या दिवशी आम्ही आलो होतो, तेव्हा मी पिकअप गाडीजवळ बसलो होतो. तुम्ही सगळ्या जणी केळीचे प्लास्टिकचे कॅरेट डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढत होत्या. फळी हलत होती. म्हणून मी ओटा गाडीच्या तळाएवढा उंच काढला. शेडची जमीनच तेवढी उंच. कॅरेट उचलायचंच नाही, सरळ सरकवायचं."

"चित्रात तर न्हाई दिसत."

"नाही." हरिओमनं चित्राकडं पाहिलं. "मी लिहिलं होतं, हिरवळ वाढव. त्यानं ओटा खाऊन टाकला. त्याच्या जागी पायऱ्या केल्या आणि पायऱ्यांवर फुलं लावली."

कावेरीबाईंनी अर्जुनरावांच्या मांडीवरचा फ्लेक्स ओढून घेतला, फुलांच्या पायऱ्या नीट पाहिल्या आणि बाजूला बसलेल्या बाईला दाखवल्या. "बघ गं. आपुन वर्षानुवर्षं फळीवर नाचून राहिलो. पोरानं त्याच्यावर तोड काढली, आन् मशीननं तिथं फुलं लावली!" मग हरिओमकडं वळून म्हणाल्या, "तळं जाऊ दे. ओट्याचं सांग."

मॅडमना त्या क्षणी जे वाटलं, ते नंतर त्यांनी प्रेमला सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्या तपासणीच्या दिवशी त्याही तळ्यावरच अडल्या होत्या. ओटा त्यांनीही पाहिला नव्हता. चित्र इतकं चमकत होतं, की पोराची एकुलती एक अस्सल कल्पना त्याच्या उजेडात दिसेनाशी झाली होती.

मग त्यांनी पोरांना नियम सांगितले, ते उभ्या उभ्याच सुचत गेले. मशीनला जे दिलं, तुमचं स्केच किंवा मॉडेलचा स्क्रीनशॉट, ते चित्राशेजारी लहान करून लावायचं. चित्र आलं की प्लॅन हातात घेऊन खांब, दारं, जिने ताडून बघायचे. जे जुळत नाही ते दुरुस्त करायचं, नाहीतर चित्र टाकून द्यायचं. आणि खाली ओळ लिहायची, की चित्र मशीननं काढलंय, कुठल्या, कशावरून, काय शब्द देऊन, आणि त्यातलं काय डिझाईनमध्ये नाही.

"मॅडम," साक्षीनं हात वर केला, "मशीननं काही सुचवलं, आणि ते खरंच चांगलं असलं तर? घ्यायचं का नाही?"

"घे की. मैत्रिणीनं सुचवलं तर घेतेस ना? पण मग ते सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल त्या नकाशात, काढ. पाणी कुठनं जातं, भार कुठं येतो, झाडू कसा मारायचा, सगळं सोडव. आणि सुचवलं कोणी ते लिही. सोडवण्याची मेहनत तुझी, तेवढं तुझं."

"आन् लोकांना धाडताना?" अर्जुनरावांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता. "आम्ही काय, जे दिसलं ते खरं धरलं."

"बाहेर पाठवताना तर ओळ चित्रावरच हवी काका. चित्र एकदा मोबाईलवर गेलं की शीट मागं राहते आणि चित्र एकटंच गावोगाव फिरतं."

"हाव, फिरलं खरं," अर्जुनराव म्हणाले. "माझ्या जावयानं ते हैदराबादेत दाखवलं."

व्याख्यान संपलं तेव्हा मॅडमनी सवयीप्रमाणे घड्याळ पाहिलंच नाही, कारण कोणी उठेना. कावेरीबाई हरिओमला टेबलापाशी घेऊन बसल्या होत्या आणि त्याच्याच पेन्सिलीनं त्याच्याच प्लॅनवर काहीतरी खुणा करत होत्या. बिडवे सर आले आणि हळूच म्हणाले, "दहा मिनिटं काही झाली नाहीत. पण ठीक आहे." जाताना अर्जुनराव मॅडमना म्हणाले, "जीप तर केलीच हाय. मोकळी कशाला न्यायची? ओटा किती उंच घ्यायचा ते पोराला मोजू द्या. धाडा आमच्यासंगं."

हरिओमनं गाडीच्या तळाची उंची इंटरनेटवरून घेतली होती. तो जीपमध्ये कोंबला गेला. मॅडमना राहवलं नाही. त्याही कोंबल्या गेल्या. शेजारी साक्षी, "वाटेत आमचंच घर आहे" म्हणत.

अर्धापूरच्या शेडवर दुपारची गाडी भरत होती. मॅडमनी टेपचं एक टोक धरलं, हरिओमनं दुसरं, आणि रिकाम्या पिकअपचा तळ मोजला. आकडा लिहितो न लिहितो तोच कॅरेट चढायला लागले आणि गाडी भरली तशी खाली बसली. हरिओमनं पुन्हा मोजलं. आकडा वेगळा आला.

"मॅडम, हिची उंची बदलून राहिली!" तो जवळजवळ ओरडलाच.

"स्प्रिंगा हायेत तिला," ड्रायव्हर म्हणाला. "माल भरला की बसणारच ना. आन् ट्रक आला तर त्यो ह्याच्याहून वर."

हरिओम खाली मातीत बसून वहीत रेघा ओढायला लागला. ओटा कुठल्या उंचीचा? रिकाम्या गाडीएवढा, की भरलेल्या? मॅडम उन्हात उभ्या राहून त्याला "हे असं का?" विचारत होत्या, आणि तो पहिल्यांदाच भराभर उत्तरं देत होता. शेवटी त्यानं ओटा भरलेल्या पिकअपपेक्षा किंचित वर ठेवला आणि पुढं बिजागरीची एक पत्र्याची फळी काढली, जी खालीवर होते. बाया बघत होत्या. एकीनं म्हटलं, "पत्रा उन्हात तापंल, चटका बसंल." त्यानं तेही लिहून घेतलं आणि वर छपराचा उतार पुढं ओढला, सावली पडावी म्हणून. भव्य करण्यासाठी नव्हे.

अंतिम ज्युरीला परीक्षक म्हणून लातूरहून शीला पाटोदेकर मॅडम आल्या होत्या. कडक म्हणून प्रसिद्ध. त्या भिंतीपुढून चालू लागल्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, कारण मुलांनी नियम जरा जास्तच मनावर घेतला होता. संतोषच्या चित्राखाली लिहिलं होतं, "डोंगर काढून टाकला आहे. कावळा मशीनचा. आकाश अंशतः मशीनचं. चप्पल कोणाची माहीत नाही." साक्षीनं लिहिलं होतं, "केळी चार वेळा उलटी आली. पाचव्यांदा स्वतः काढून चिकटवली."

"गजभारे मॅडम," शीला मॅडम म्हणाल्या, "हे शीट आहे की पोलीस पंचनामा?"

"थोडं वाहवत गेलेत," धम्मप्रिया मॅडमनी कबूल केलं.

पण शीला मॅडम ओळी वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी पेन काढलं. जिथं ओळ होती तिथं त्या नेमका पुढचा प्रश्न विचारत होत्या, आणि उत्तर येत होतं. जिथं ओळ नव्हती, तिथं एक मुलगा चित्रातल्या गोल जिन्याखाली घामाघूम झाला, कारण तो जिना प्लॅनमध्ये संडासात उतरत होता.

हरिओमच्या शीटपुढं त्या थांबल्या. सेक्शन मोठा होता. जमीन, ओटा, पत्र्याची फळी, गाडी रिकामी आणि गाडी भरलेली, दोन्ही ठिपक्यांच्या रेघांत. चित्र कोपऱ्यात लहान होतं. साधी शेड, पांढरं ऊन, तळं नाही. शेजारी मॉडेलचा स्क्रीनशॉट, आणि खाली ओळ.

"ओट्याची ही उंची कुठून आली?" त्यांनी विचारलं. हरिओमनं सांगितलं. मध्ये अडखळला, पण थांबला नाही. त्यांनी फळीची बिजागरी किती जाड ते विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं तसं सांगितलं. त्यांनी एक गुण कापला. धम्मप्रिया मॅडमनी मागून ते पाहिलं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मग शीला मॅडमनी चष्मा वर सरकवून ते लहान चित्र जवळून पाहिलं. ओट्यावर एक बाई कॅरेट सरकवत उभी होती. अंगावर हिरवंगार जरीचं लुगडं, नाकात नथ, केसात गजरा.

"केळी भरताना एवढा साज?" त्या म्हणाल्या. "ही मशीननं काढली का?"

"नाही मॅडम," हरिओम म्हणाला. "मशीन सारखी गोरी माणसं काढत होतं, म्हणून ती सगळी पुसली. ह्या खऱ्या आहेत. कावेरीबाई. त्यांना विचारून फोटो लावलाय. मी कामावरच्या कपड्यातला मागितला होता. त्या म्हणाल्या, एवढे मोठे लोक बघणार, मी काय अशीच उभी राहू? घरी जाऊन लुगडं बदलून आल्या."

शीला मॅडमनी चित्राखालची ओळ शेवटपर्यंत वाचली. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं: "ऊन व झाडं मशीनची, माझ्या मॉडेलवरून. इमारत माझी. लुगडं कावेरीबाईंच्या आग्रहामुळे."